ट्रे म्हणतो नाही, फ्लो म्हणतो आहे

प्रयोगशाळेत तिला डोळेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. नाव ठेवणारा कधीच निवृत्त झाला होता, पण नाव चिकटून राहिलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली की ही बाई पापणी लववत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. घरी मात्र उलटा प्रकार होता. तिचा नवरा रोज सकाळी स्वतःचा चष्मा शोधायचा आणि ती टेबलासमोर उभी राहून म्हणायची, "दिसत नाही बाबा कुठे." चष्मा टेबलावरच असायचा.

तिचं काम तळहाताएवढ्या एका प्लास्टिकच्या ट्रेवर चाले. त्यात डाळीच्या दाण्याएवढे खळगे. प्रत्येक खळग्यात तेलाचा थेंब, तेलाखाली किडनी देणाऱ्याच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांच्यावर किडनी घेणाऱ्याचं सिरम, म्हणजे रक्तातलं निवळ पाणी. घेणाऱ्याच्या सिरममध्ये देणाऱ्याविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर त्या या पेशींना जाऊन चिकटतात. मग ती सशाच्या रक्तातून काढलेलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे परक्या पेशी फोडणाऱ्या प्रथिनांचं मिश्रण, घाली. अँटिबॉडी पुरेशा दाट चिकटलेल्या असतील तर कॉम्प्लिमेंट त्यांच्यावर चालून येतं आणि पेशीला भोकं पाडतं. शेवटी रंग. मेलेली पेशी रंग पिते आणि काळवंडते, जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही, दवाच्या थेंबासारखी चमकत राहते. खळगा काळा असेल तर ऑपरेशन नाही. पेशी मारून बघायच्या या रीतीला सगळे सीडीसी म्हणत. डोळेबाईचं सबंध आयुष्य या काळ्या-चमकत्यात गेलं होतं. ट्रे चमकत असला की ती तोंडातल्या तोंडात म्हणे, "स्वच्छ." त्या एका शब्दावर माणसं ऑपरेशनच्या टेबलावर जात.

मग फ्लोचं यंत्र आलं. त्याच्यासोबत ते चालवणारा माणूसही आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, प्रत्येक गोष्टीचा आलेख काढणारा. चहाला उशीर का झाला हेही तो बोटाने हवेत रेघ काढून सांगे. त्याला लगेच आलेखराव हे नाव पडलं. त्याच्या यंत्रात पेशी मरायची वाटच बघायची नसते. अँटिबॉडी पेशीला चिकटली की तिच्यावर चमकणारी दुसरी खूण चिकटवायची आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची. पेशी किती चमकते ते यंत्र मोजतं आणि पडद्यावर टेकाड काढतं. अँटिबॉडी नसेल तर टेकाड तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी सिरमच्या टेकाडावर बसतं. असेल तर उजवीकडे सरकतं. अगदी थोड्या अँटिबॉडीही त्याला दिसतात. कॉम्प्लिमेंटला बोलावूच न शकणाऱ्याही दिसतात.

नवं यंत्र कामाला लावण्याआधी जुन्या नमुन्यांवर तपासून बघावं लागतं. डीप फ्रीजरमधून जुनी सिरमं निघाली, द्रव नायट्रोजनच्या टाकीतून त्या वेळच्या दात्यांच्या पेशी निघाल्या. त्यात एका शाळेच्या घंटावाल्याचं सिरम होतं. त्याला बहिणीची किडनी बसवली होती. ट्रे स्वच्छ होता, डोळेबाईनेच वाचला होता. किडनी आठवड्यात काळी पडली, पुढे तो माणूसही वारला. कारण कुणाला सांगता आलं नव्हतं. आलेखरावने ते सिरम यंत्रातून सोडलं आणि टेकाड उजवीकडे गेलं.

ट्रे चुकीचा वाचला नव्हता, ट्रेला ते दिसण्यासारखंच नव्हतं. मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी, तेवढं तिला सांगितलं आणि ते खरंच होतं. पण त्या दिवसापासून डोळेबाई "स्वच्छ" म्हणेनाशी झाली. फ्रीजरचं दार उघडलं की धुरासारखी वाफ बाहेर येई, आत रांगेने नळ्या. त्यांतल्या कितींमध्ये काहीतरी बसून आहे आणि आपण त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो, हा हिशेब तिच्याने लागत नसे. रात्री नव्हे, भर दुपारी, भाजी निवडताना तिला चमकते खळगे दिसत. नवरा विचारी, "कुठे गेलीस?" ती म्हणे, "इथेच आहे."

अशात ती शिवणवाली आली.

बत्तीस-तेहतीसची बाई, कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करणारी, दोन वर्षं डायलिसिसवर. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. रक्तगट जुळत होता आणि तो किडनी द्यायला तयार होता. सोबत सासू. सासूबाई कॉरिडॉरमधल्या बाकावर अशा बसत की बाक त्यांच्या मालकीचं वाटे. नमुना घेताना डोळेबाईने नेहमीचे प्रश्न विचारले. कुणाचं रक्त चढवलं आहे का? हो, मागच्या थंडीत दोन बाटल्या. आधी कधी किडनी बसवली होती का? नाही.

"मुलं किती?"

"नाहीत," शिवणवाली म्हणाली. सासूबाईंनी पदर सारखा केला.

डोळेबाईने दिवस राहिल्याच्या रकान्यात शून्य लिहिलं. हा प्रश्न ती कायम असाच विचारी. किती वेळा दिवस राहिले, असं परक्या माणसांसमोर विचारणं तिला बरं वाटत नसे. मुलं किती म्हटलं की काम भागतं, असा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

टायपिंग झालं. माणसाच्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, अर्ध्या आईकडून आलेल्या, अर्ध्या बापाकडून; टायपिंग म्हणजे त्या कुठल्या ते ओळखणं. नवरा-बायकोच्या त्या जुळण्याचं कारणच नसतं आणि जुळल्याही नाहीत. त्याने अडत नाही, औषधांवर निभावून नेता येतं. अडतं ते घेणारीच्या रक्तात त्या खुणांविरुद्ध आधीच अँटिबॉडी तयार असल्या तर. म्हणून क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्याच्या पेशी आणि घेणारीचं सिरम एकत्र आणून बघणं.

ट्रे चमकत होता. डोळेबाईने एकेक खळगा पाहिला. बाजूच्या खळग्यांत, जिथे मरायलाच हव्यात अशा पेशी होत्या, तिथे सगळं काळं होतं, म्हणजे कॉम्प्लिमेंट ताजं होतं आणि काम करत होतं. शिवणवालीच्या खळग्यांत मात्र सगळ्या पेशी जिवंत. तिने ट्रे पुन्हा लावला, कॉम्प्लिमेंटला जास्त वेळ दिला. तरीही जिवंत.

ती ट्रे घेऊन आलेखरावच्या खोलीत गेली. तो पडद्याकडे पाठ करून बसला होता.

"तुझं काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"आधी तुमचं सांगा."

"निगेटिव्ह."

"मग बसा," तो म्हणाला आणि खुर्ची सरकवली. पडद्यावर पांढऱ्या पेशींचे दोन्ही प्रकार होते. "ही टी पेशी. ही बी पेशी. दोन्ही सरकल्यात. थोड्याथोडक्या नाहीत."

"पेशी शिळ्या असतील तुझ्या."

"तुमच्याच नळीतल्या आहेत बाई. अर्ध्या तुम्ही नेल्या, अर्ध्या मी."

"दोन बाटल्या रक्त चढवलंय तिला."

"असेल त्याने. पण इतकं?" तो म्हणाला. "तुम्ही मला दर वेळी सांगता, यंत्राला अक्कल नसते. कबूल. पण त्याला खोटं बोलायचं कारणही नसतं."

डोळेबाईने पडद्याकडे पाहिलं. दोन टेकाडं होती, एक जागेवरचं आणि एक तिथून उठून गेलेलं.

दुसऱ्या दिवशी किडनीचे डॉक्टर वर आले. ते भांडायला आले नव्हते, पण त्यांच्या पेशंटची हातातली रक्तवाहिनी दुसऱ्यांदा बंद पडली होती आणि डायलिसिसची सुई टोचायला जागा उरत नव्हती. "सीडीसी निगेटिव्ह आहे," ते म्हणाले. "दहा वर्षांपूर्वी आपण एवढ्यावरच केलं असतं."

"केलंच असतं," मॅडम म्हणाल्या.

"आणि बहुतेक वेळा निभावलंही आहे."

"निभावलं आहे. सीडीसी पॉझिटिव्ह असती तर मी दारच बंद केलं असतं, नाहीतर किडनी टेबलावरच गेली असती. ही तशी नाही. ही दार अर्धं उघडं ठेवणारी आहे. आत काय आहे ते बघून घेते, मग ठरवू. मण्यांवर लावते."

मण्यांची तपासणी सोपी असते. एकेका मण्यावर एकेकच खूण चिकटवलेली असते. सिरम त्यावर ओतलं की नेमकी कुठली खूण रक्ताला नकोशी आहे ते कळतं. निकाल आला तेव्हा मॅडमनी डोळेबाईला बोलावलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. नको असलेल्या खुणा तीन होत्या. ए चोवीस, बी बावन्न, डीआर पंधरा. तिन्ही नवऱ्याच्या. त्याच्या उरलेल्या खुणांना मात्र रक्ताने हात लावला नव्हता.

"बाटल्यांतल्या रक्ताने असं होईल?" मॅडमनी विचारलं.

डोळेबाईने कागद दोनदा वाचला. परक्या दोन माणसांच्या रक्ताने अँटिबॉडी झाल्या असत्या तर त्या इकडे-तिकडे विखुरलेल्या असत्या. या तिन्ही एकत्र प्रवास करणाऱ्या खुणा होत्या, बापाकडून मुलाकडे एका गठ्ठ्याने जाणाऱ्या. नवऱ्याचं बरोब्बर अर्धं. मूल बापाचं अर्धंच घेतं.

"बाटल्यांनी फार तर जुनं जागं केलं असेल," ती म्हणाली. "मी मुलं किती असं विचारलं होतं."

मॅडमनी पेन टेबलावर आडवं ठेवलं.

शिवणवालीला डोळेबाईने पुन्हा नमुन्यासाठी बोलावलं. सासूबाईंना खालच्या मजल्यावर एका सहीसाठी पाठवलं, ती सही दुपारनंतरही चालली असती. खोलीत खुर्ची एकच, पंखा एकच. रक्त काढून झालं, कापूस दाबून झाला.

"एक विचारते," डोळेबाई म्हणाली. "मुलं नाहीत ते मला माहीत आहे. दिवस कधी राहिले होते का?"

शिवणवालीने कापूस दाबूनच धरला. रक्त थांबलं होतं तरी दाबून धरला.

"पाचवा संपत आला होता," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. दिसायला लागलं होतं. मी दुकानात दोन झबली शिवली होती उरलेल्या कापडाची." मग म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलं, झालं ते झालं, नाव काढायचं नाही. बोललं की मागे लागतं. आम्ही नाही बोललो. हेसुद्धा कधी नाही बोलले."

"डॉक्टरांना सांगायला हवं होतं."

"कुणी विचारलंच नाही. तुम्हीही मुलंच विचारलीत."

"हो," डोळेबाई म्हणाली. "माझं चुकलं."

शिवणवालीने मान वर केली. "त्याचं काय आता? अकरा वर्षं झाली. ते आहे का अजून माझ्यात?"

"ते नाही. त्याची ओळख आहे. त्याच्या अंगावर तुमच्या नवऱ्याच्या अर्ध्या खुणा होत्या, त्या तुमच्या रक्ताने तेव्हा परक्या म्हणून टिपून ठेवल्या. मागच्या थंडीत रक्त चढवलं, तेव्हा बहुधा पुन्हा आठवलं. आता नवऱ्याची किडनी आत गेली तर रक्त त्याच खुणा शोधत जाईल."

"म्हणजे मला काही कळत नव्हतं तेव्हाही ते..."

"तुमच्या हातात नसतं ते."

"आणि मुलगा होता की मुलगी?"

"यातून नाही कळत."

"एवढं कळतं आणि तेवढं नाही कळत," शिवणवाली म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. कापड कमी पडलं की बोलतात तसं बोलली.

नवऱ्याला मॅडमनी समोर बसवून सांगितलं. फ्लोचं टेकाड इतकं सरकलेलं असताना त्याची किडनी लगेच बसवता येणार नाही. रक्तातून अँटिबॉडी गाळून काढायचा उपाय आहे, पण तो धोक्याचा आहे, आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी त्याने जात नाहीत. आधी दुसरा मार्ग शोधू. लिफ्टवाला ऐकत होता आणि अंगठ्याने दुसऱ्या हाताच्या नखातलं ग्रीस काढत होता. त्याने एकदाच विचारलं, "माझीच नको म्हणतंय?" आणि उत्तराची वाट न बघता उठला.

संध्याकाळी सासूबाई एकट्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

"माझी घ्या," त्या म्हणाल्या. "त्याची चालत नाही तर माझी घ्या. साखर नाही, बीपी नाही. दात सोडले तर सगळं मूळचं आहे."

त्यांचं वय बसत होतं, रक्तगटही बसत होता. टायपिंग झालं. निकाल डोळेबाईच्या हातात आला तेव्हा तिने तो लिफ्टवाल्याच्या कागदाशेजारी ठेवला. ए चोवीस, बी बावन्न, डीआर पंधरा. लिफ्टवाल्याने ते अर्धं आईकडून घेतलं होतं. आलेखरावने क्रॉसमॅचही लावून पाहिली. ट्रे पुन्हा चमकत राहिला आणि टेकाड पुन्हा उठून गेलं.

सासूबाईंना मॅडम सांगणार होत्या, पण त्यांनी डोळेबाईलाच गाठलं. "तुम्हीच सांगा. तुमचं मला समजतं. डॉक्टरीणबाई फार जपून बोलतात."

"तुमचीही चालणार नाही," डोळेबाई म्हणाली. "मुलाचं जे अर्धं तिच्या रक्ताला नको आहे ते तुमच्याकडून आलेलं आहे. तेच तुमच्यातही आहे."

सासूबाई हसल्या. "घ्या. सासू नको हे सुनेच्या रक्तातच निघालं की. आणि मी उगाच तिच्या तोंडाला दोष देत होते."

मग त्या बाकावर बसल्या. या वेळी कडेला बसल्या.

"ते तेव्हाचं आहे ना?" त्यांनी विचारलं.

सुनेने सांगितलं ते सांगायचा डोळेबाईला हक्क नव्हता. पण सासूबाईंना उत्तर नकोच होतं.

"मीच म्हटलं होतं, बोलायचं नाही. ती महिनाभर शिलाई मशीनवर बसली नव्हती. मला वाटलं, आपण विसरलो की ती विसरेल. आमच्या वेळी असंच करायचे." त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे ते माझ्यावर गेलं होतं."

"चेहऱ्याचं यातून काही कळत नाही, मावशी."

"चेहऱ्याचं कोण विचारतंय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या बाजूचं होतं, एवढंच म्हणते."

त्या उठल्या आणि लिफ्ट असूनही जिन्याने खाली गेल्या. डायलिसिसच्या खोलीत सून मशीनला लावलेली होती. तिच्या उशाशी उभं राहून त्या काय बोलल्या ते परिचारिकेने ऐकलं नाही. दोघींपैकी एक रडत होती आणि ती शिवणवाली नव्हती, एवढंच तिने सांगितलं.

अदलाबदलीच्या यादीत त्यांचं नाव गेलं. दुसऱ्या एका घरात बहीण भावाला किडनी द्यायला तयार होती आणि रक्तगट आडवा येत होता. तिची किडनी शिवणवालीला, लिफ्टवाल्याची त्या भावाला. बहिणीच्या खुणांत ए चोवीस नव्हता, बी बावन्न नव्हता, डीआर पंधरा नव्हता. कागदावर जुळत होतं. पण कागदावरचं जुळणं डोळेबाईला पुरत नसे.

तिने ट्रे लावला. दिव्याखाली सगळ्या पेशी जिवंत, चमकत्या. पूर्वी याच घटकेला ती तो एक शब्द म्हणायची. आता तिने ट्रे झाकला आणि आलेखरावच्या खोलीत जाऊन त्याच्या मागे उभी राहिली. पडद्यावर पेशींचे ठिपके पडत होते. घंटावाल्याचं टेकाड तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि ते टेकाड आणि हे टेकाड यांतलं कुठलं पडद्यावर आहे हे तिला क्षणभर कळेना.

"बसा," आलेखराव म्हणाला.

"नको."

टेकाड उभं राहिलं. त्याखालचं तुलनेचं टेकाड झाकलं गेलं. एकावर एक, कडेला कड.

"बी पेशींचंही तेच," तो म्हणाला. "म्हणा आता. मी ऐकलं नाही असं समजतो."

"तूच म्हण. माझं अर्धंच खरं असतं."

ऑपरेशनच्या आधी शेवटचा नमुना घ्यायला डोळेबाई स्वतः गेली. शिवणवालीने दंड पुढे केला. "ती बाई कोण, कुठली मला माहीत नाही," ती म्हणाली. "तिच्यात आमचं कुणी नाही ना?"

"कुणी नाही. पाहिलंय."

"म्हणूनच चालेल," शिवणवाली म्हणाली, आणि सुई आत जाताना दुसरीकडे पाहिलं.

किडनीने टेबलावरच लघवी केली. लिफ्टवाल्याची दुसऱ्या माणसातही चालली, आणि तो म्हणे शुद्धीवर आल्या आल्या त्याबद्दलच विचारत होता. शिवणवाली तीन महिन्यांनी तपासणीला आली तेव्हा गालावर रंग होता आणि औषधांनी चेहरा जरा गोल झाला होता. नव्या किडनीविरुद्ध काही तयार होत नाही ना, हे बघायला अशा माणसाचं सिरम मण्यांवर लावतात. मण्यांवर सगळ्याच खुणा असतात, त्यामुळे सगळंच दिसतं.

नव्या किडनीविरुद्ध काही नव्हतं. मॅडमनी ते सांगून तिला जायला सांगितलं. ती कॉरिडॉरमधून परत वळली आणि प्रयोगशाळेच्या दारात आली.

"डोळेबाई," ती म्हणाली. सगळे म्हणतात तेच नाव तिनेही उचललं होतं. "ते तीन आकडे. ते गेले?"

"नाहीत. जरा फिके झालेत, औषधांनी. आहेत अजून."

"त्रास देतील?"

"आता त्यांनी शोधावं असं आत कुणी नाही. नुसते फिरतील."

शिवणवालीने बाही खाली ओढली, मनगटाशी गुंडी लावली. "पुढच्या खेपेलाही बघाल?"

"बघावंच लागतं."

"मग मला सांगत जा," ती म्हणाली. "असेपर्यंत."